घरच्या कापसावर बरबटी का रुजत नाही?

दिवाळीनंतर आमच्या यवतमाळकडच्या गावात घरोघरी कापसाचे ढीग लागतात. पहिलीच्या वर्गाला ‘कापसात बी रुजवूया’ म्हटलं, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण घरून मूठभर कापूस घेऊन येतो. मीही पहिल्या वर्षी त्यातली सरकी काढून तोच कापूस ग्लासात भरला, भिजवलेली बरबटी ठेवली आणि वरून पाणी शिंपडलं. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे कापसावर बसून राहिले. एक पोरगी म्हणाली, “मॅडम, पाणी आत जाऊनच नाही राह्यलं!” दोन दिवसांत दाणे सुरकुतले.

तिचं निरीक्षण अचूक होतं. बोंडातून वेचलेल्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. शंभर ग्रॅम कापसात तो जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम भरेल, पण पाणी बाहेर ठेवायला तेवढा पुरतो. आतला तंतू सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजला पाणी फार आवडतं. दवाखान्यातला कापूस याच तंतूंचा असतो, फक्त तो अल्कलीत उकळून त्यावरचं मेण काढलेलं असतं. चांगला दवाखान्याचा कापूस पाण्यावर टाकला, की १० सेकंदांच्या आत बुडतो. वर्गात दोन वाट्या ठेवून एकीत घरचा, दुसरीत दवाखान्याचा कापूस टाका आणि मुलांना दहापर्यंत मोजू द्या. डायरीचं पहिलं चित्र हेच: एक तरंगणारा, एक बुडालेला.

घरचाच कापूस वापरायचा असेल, तर लिटरभर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून मूठभर कापूस तासभर उकळा. हे काम मोठ्यांनीच करायचं. गंज स्टीलचा घ्या, जर्मलचा नको, सोडा त्याला खातो. मग कापूस चार-पाच पाण्यांतून खळखळून धुवा. बुडाला, की झाला तयार.

बरबटी किराणा दुकानातली किंवा घरच्या डब्यातली घ्या. कृषी केंद्रातलं रंगीत बियाणं मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, त्याला विषारी औषध चोळलेलं असतं. दाणे रात्रभर भिजवा आणि सकाळी काचेच्या ग्लासात काच आणि कापूस यांच्या मधे खोचा. म्हणजे रोज उपसून बघावं लागत नाही. कापूस पिळल्यावर एखादा थेंब पडेल इतकाच ओला हवा. ग्लासाच्या बुडाशी पाणी साचलं, तर दाण्याला हवा मिळत नाही. तो बुळबुळीत होतो आणि आंबूस वास सुटतो.

पहिलीच्या मुलाला ‘दोन सेंटिमीटर’ लिहिता येत नाही, म्हणून आम्ही दोरा वापरतो. रोज प्रार्थनेनंतर काचेवर दोरा धरायचा, मुळाएवढा कापायचा आणि डायरीत त्या दिवसाच्या रकान्यात डिंकाने चिकटवायचा. आठवडाभरात दोऱ्यांची चढती रांग तयार होते. रविवारचा रकाना रिकामाच ठेवतो. जे पाहिलं नाही ते चिकटवायचं नाही, हे मुलं चटकन स्वीकारतात. चित्रांच्या बाबतीत मात्र त्यांना आवरावं लागतं, दुसऱ्याच दिवशी कुणीतरी लाल फूल काढून मोकळं होतं. मी ग्लास त्याच्यासमोर ठेवते आणि विचारते, “दाखव बरं, कुठं आहे?”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक गोंधळ हमखास होतो. मुळावर पांढरी लव दिसते आणि बुरशी आली असं वाटून मोठी माणसं ग्लास फेकून देतात. नीट बघा. ही लव मुळाच्या टोकाच्या जरा मागे, चारही बाजूंनी सारखी, ब्रशच्या केसांसारखी असेल, तर ती मूलरोमं आहेत. मूळ पाणी शोषतं ते मुख्यतः यांच्यातूनच. थोडं पाणी शिंपडलं, की ती मुळाला चिकटतात आणि दिसेनाशी होतात. बुरशी दाण्याच्या सालीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, करडी पडते, वास मारते आणि पाण्याने जात नाही. मूळ उपसून मोजलं, तर हीच रोमं कापसात तुटून राहतात. काचेवरून मोजण्याचं कारण तेच.

पुढे देठ वाकडी मान करून वर येतो आणि दोन्ही डाळी बरोबर घेऊन उभा राहतो. थंडीच्या दिवसांत याला दोन-तीन दिवस जास्त लागतात. या डाळी रोज काढायला सांगा. कापूस फक्त पाणी देतो, रोपाचं जेवण डाळींत असतं. पानं मोठी होत जातात तशा डाळी पातळ आणि सुरकुतलेल्या दिसू लागतात, शेवटी गळतात. गेल्या वर्षी एका मुलाने त्या दिवशी रिकामी पिशवी काढली होती. त्यानंतर रोप कापसात फार दिवस जोम धरत नाही. कापूस न ओढता, मुळासकट तसाच परसात लावा.