जपानीतलं मांजर कर्ता का होतं?

‘वाताशि वा नेको गा सुकि देसु.’ जपानी शिकायला लागलं की पहिल्या काही धड्यांतच हे वाक्य भेटतं. पुस्तकात शेजारी इंग्रजी अर्थ असतो, ‘आय लाइक कॅट्स’, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. इंग्रजीत ‘आय’ कर्ता आणि ‘कॅट्स’ कर्म. मग विद्यार्थी कर्माला लागणारा ‘ओ’ हा प्रत्यय वापरून ‘नेको ओ सुकि देसु’ लिहून मोकळा होतो आणि वहीत लाल रेघ येते.

इंग्रजी बाजूला ठेवा आणि ‘मला मांजर आवडतं’ हे मराठी वाक्य समोर घ्या. इथे ‘आवडतं’ हे रूप माझ्यामुळे नाही, मांजरामुळे आलं आहे. मांजराच्या जागी कुत्रा आला की ‘आवडतो’ होतं, मी बाई असो की बुवा. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता मांजरच. जपानीतही तसंच: ‘नेको’ म्हणजे मांजर आणि त्यामागचा ‘गा’ ही कर्त्याची खूण. एक मांजर की अनेक, हे ‘नेको’ सांगत नाही.

‘सुकि’ला क्रियापद समजू नका, ते विशेषण आहे. ते कसं ओळखायचं? नकार करून बघा. ‘ताबेरु’ म्हणजे खाणे, या क्रियापदाचा नकार ‘ताबेनाइ’. ‘सुकि’चा मात्र ‘सुकि जा नाइ’. शिवाय नामाआधी येताना ते ‘ना’ घेतं: ‘सुकि ना नेको’, आवडतं मांजर. शेवटचं ‘देसु’ म्हणजे सभ्यपणे म्हटलेलं ‘आहे’. त्यातला ‘उ’ जवळजवळ ऐकूच येत नाही.

राहिलं ‘वाताशि वा’. ‘वाताशि’ म्हणजे मी. ‘वा’ लिहिताना ‘हा’चं अक्षर वापरतात, वाचताना मात्र ‘वा’ म्हणतात. नवखे इथे हमखास अडखळतात. ही कर्त्याची खूण नाही, विषयाची आहे: ‘माझं म्हणाल तर’. हॉटेलात जपानी माणूस ‘बोकु वा उनागि दा’ म्हणतो. ‘बोकु’ म्हणजेही मी, ‘उनागि’ म्हणजे ईल मासा. शब्दशः पाहिलं तर ‘मी ईल आहे’, पण त्याला फक्त ईल मागवायचा असतो. आपण नाही का वेटरला सांगत, ‘मी साधा डोसा, हा उत्तप्पा’?

तेव्हा सगळं वाक्य असं उलगडतं: माझं म्हणाल तर, मांजर आवडतं आहे. कोण बोलतंय हे उघड असेल तर ‘वाताशि वा’ गाळतात आणि तेच जास्त सहज वाटतं.

मराठीची ही सोबत एका ठिकाणी सुटते. आपल्याकडे ज्याला आवडतं त्याला ‘ला’ लागतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. जपानीत ‘तानाका-सान गा सुकि ना हितो’ याचे दोन अर्थ निघतात: तानाकांना आवडणारी व्यक्ती, किंवा जिला तानाका आवडतात ती व्यक्ती. ‘गा’ दोन्हीकडे चालतो. कोण कोणावर भाळलंय, हे पुढचं-मागचं बोलणं ऐकूनच ठरवावं लागतं.