हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही

‘शैक्षणिक कर्जाला नोकरी लागेपर्यंत हप्ता नाही, म्हणजे तोवर व्याजही नाही ना?’

नाही. बँक रक्कम विद्यापीठाला पाठवते त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. समजा, घर तारण ठेवून १० टक्क्यांनी ३० लाख घेतले. १५ लाख पहिल्या वर्षी, १५ दुसऱ्या वर्षी. दोन वर्षांचा कोर्स आणि त्यानंतर हप्ता न भरण्याची वर्षभराची सवलत मिळून सरळव्याजानेच साडेसात लाख होतात. ते मुद्दलात मिळाले की दहा वर्षांचा हप्ता ३९,६४५ ऐवजी ४९,५५७ रुपये बसतो. घरच्यांना झेपत असेल तर दरमहा व्याज भरावंच: आधी १२,५००, दुसरी उचल झाल्यावर २५,०००.

दुसरी गफलत ‘नोकरी लागेपर्यंत’ या शब्दांत आहे. सवलतीची तारीख मंजुरीपत्रात ठरलेली असते, बहुतेक सरकारी बँकांत कोर्सनंतर एक वर्ष. नोकरी नसली तरी हप्ता सुरू होतो. थकबाकी नव्वद दिवसांवर गेली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्ज, धरलं जातं, सहकर्जदार वडिलांचा सिबिल स्कोअर घसरतो आणि तारण घरावर बँक हात टाकू शकते. म्हणून मुदतवाढीचा लेखी अर्ज पहिला हप्ता चुकण्याआधीच द्या. ती देणं बँकेवर बंधनकारक नाही, त्यामुळे सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवलेली बरी.