मराठी कळफलकाचा अंदाज आणि ‘ळ’चा ‘ल’

नाशिक शहरात राहायचे आणि दिंडोरी, निफाड किंवा पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षबागेची कामे मोबाइलवरच्या निरोपांनी चालवायची, ही आता अनेक बागायतदारांची रीत झाली आहे. पाणी केव्हा सोडायचे, कोणत्या प्लॉटची छाटणी आधी घ्यायची, मजुरांनी किती वाजता यायचे, हे सगळे एकदोन ओळींत कळवले जाते. यांतले पुष्कळ निरोप इंग्रजी अक्षरे टंकून लिहिले जातात आणि पडद्यावर देवनागरीत उमटतात. कोणते देवनागरी अक्षर उमटावे हे मधल्या मध्ये कळफलक ठरवतो, आणि चुकीचा शब्द नकळत शिरतो तो तिथेच. हा निर्णय लिहिणाऱ्याच्या हातून यंत्राकडे कसा गेला, ते कळले की चूक कोणत्या जागी शोधायची तेही कळते.

देवनागरी संगणकावर आली तेव्हा अंदाजाचा प्रश्नच नव्हता. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण म्हणून मान्य केला. त्यात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली आहे. इंग्रजी n या कळीवर ‘ल’ आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ळ’ येतो; j वर ‘र’ आहे आणि शिफ्टसह ‘ऱ’. चूक झाली तर ती बोटाची असे, आणि बोटाची चूक बहुधा अर्थहीन शब्द निर्माण करत असल्यामुळे वाचताना लगेच खटकत असे. १९९० च्या दशकात आलेल्या आयट्रान्ससारख्या रोमन पद्धतींनीही हा काटेकोरपणा राखला होता. तिथे लहान t म्हणजे ‘त’ आणि मोठा T म्हणजे ‘ट’, लहान l म्हणजे ‘ल’ आणि मोठा L म्हणजे ‘ळ’. शिकायला थोडा त्रास होता, पण लिहिणाऱ्याने जे सांगितले तेच उमटत होते.

ही शिस्त मोबाइलने मोडली. सुरुवातीच्या अनेक हँडसेटवर देवनागरी नव्हती, आणि जिथे होती तिथेही एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावत असताना देवनागरीची फक्त ७० मावत. त्यामुळे मराठी माणसाने मराठी रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली, तीही सगळी लहान अक्षरे वापरून, कारण बारा बटणांच्या फोनवर मोठे अक्षर काढणे फारच कटकटीचे होते. ‘बाळ’ आणि ‘बाल’ दोन्ही bal झाले, ‘मन’ आणि ‘मान’ दोन्ही man झाले. वाचणारा माणूस संदर्भावरून समजून घेत असे, म्हणून काही अडत नव्हते. आजच्या चुकांचे मूळ माझ्या मते या सवयीत जितके आहे तितके कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

दुसरीकडे इंग्रजीत शब्द आपोआप सुधारण्याचे तंत्र विकसित होत होते. संगणक संशोधक फ्रेड डॅमेराऊ यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले होते की, शब्दांतल्या सुमारे ८० टक्के चुका एकाच अक्षराच्या असतात: एखादे अक्षर जास्तीचे पडते, एखादे गळते, एखादे बदलते किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट होतात. याच निरीक्षणावर पुढचे तंत्र उभे राहिले. टंकलेला शब्द कोशात नसेल, तर एका अक्षराच्या अंतरावरचा शब्द शोधायचा आणि तो ठेवायचा. १९९३ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ऑटोकरेक्ट आले आणि teh चे the न विचारता होऊ लागले. २००७ मध्ये आयफोनने बटणे काढून काचेवरचा कळफलक दिला. काचेवर बोट नेमके पडत नाही, त्यामुळे दुरुस्ती ही कळफलकाची अत्यावश्यक गरज बनली.

मराठीला हे तंत्र तसेच्या तसे लागू पडत नाही, आणि त्याची दोन ठळक कारणे आहेत. पहिले कारण विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये. ‘मळा’ हा शब्द कोशात एकदाच येतो, पण लिहिताना मळ्यात, मळ्यातला, मळ्यातल्यांना, मळ्यापर्यंतच्या अशी त्याची कितीतरी रूपे होतात. ती सगळी शब्दयादीत मावणे कठीण. यादीत नसलेले बरोबर रूप कळफलकाला चूक वाटते आणि तो जवळचे ओळखीचे रूप पुढे करतो. दुसरे कारण असे की, मराठीत एका अक्षराच्या अंतरावर पुष्कळदा दुसरा अस्सल शब्दच उभा असतो. वेल आणि वेळ, गाल आणि गाळ, मला आणि मळा, दर्या आणि दऱ्या, दिन आणि दीन. शब्द कोशात आहे का, एवढेच पाहणारा तपासनीस या जोड्यांसमोर निरुपाय होतो, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

२०१७ मध्ये गूगलच्या जीबोर्ड या मोबाइल कळफलकाने मराठीसह अनेक भारतीय भाषांना जागा दिली, त्यांत रोमनवरून देवनागरी करण्याची सोयही होती, आणि एसएमएसच्या काळात लागलेल्या सवयीला अंदाज बांधणाऱ्या यंत्राची जोड मिळाली. असा कळफलक दोन गोष्टींचा मेळ घालतो: ही रोमन अक्षरे कोणत्या मराठी शब्दांची असू शकतात, आणि त्या शब्दांपैकी लेखी मराठीत, विशेषतः आधीच्या शब्दानंतर, कोणता जास्त वेळा येतो. malyat एवढेच टंकले तरी पहिला a म्हणजे ‘अ’ की ‘आ’, l म्हणजे ‘ल’ की ‘ळ’, दुसरा a ऱ्हस्व की दीर्घ आणि t म्हणजे ‘त’ की ‘ट’, असे चार ठिकाणी दोन-दोन पर्याय निघतात आणि सोळा रूपे शक्य होतात. त्यांतली बहुतेक निरर्थक असल्याने गळतात. ‘मळ्यात’ आणि ‘माळ्यात’ मात्र दोन्ही उरतात, आणि त्यांतला एक शेतात नेतो तर दुसरा घराच्या माळ्यावर.

हे प्रत्यक्ष कसे घडते, ते एका निरोपावर पाहू. बागायतदाराला दिंडोरीकडच्या वाटेकऱ्याला कळवायचे आहे की, जमिनीतली ओल पाहून मगच ठिबक चालू कर. तो टंकतो:

```
udya ol baghun pani soda
```

udya, baghun, pani आणि soda यांचे ‘उद्या’, ‘बघून’, ‘पाणी’, ‘सोडा’ सरळ होते. ol ला मात्र ‘ओल’ आणि ‘ओळ’ असे दोन खरे शब्द आहेत. बातम्या, धडे, कविता यांतून ‘ओळ’ सतत येते. ‘ओल’ हा शेतीतला शब्द आहे आणि लेखी मजकुरात त्या मानाने विरळ. ज्या यंत्राचा अंदाज अशा मजकुरावर बेतलेला आहे, ते ‘ओळ’ आधी सुचवण्याचा संभव अधिक. स्पेसबार दाबताच पहिली सूचना बसते आणि निरोप होतो, ‘उद्या ओळ बघून पाणी सोडा.’ बागेत वेलींच्या ओळी असतातच, त्यामुळे वाक्य पूर्ण अर्थाचे आहे. वाटेकरी ओळी तपासतो आणि पाणी सोडतो. जमीन आधीच ओली आहे का, हे पाहायचे राहून जाते. याउलट chatni टंकल्यावर ‘छाटणी’ऐवजी ‘चटणी’ आली, तर दोघांनाही चूक तत्काळ दिसते. हसू आणणारी चूक निरुपद्रवी असते. वाक्यात चपखल बसणाऱ्या चुकीची मला खरी काळजी वाटते.

गावांच्या नावांत तर संदर्भाचाही उपयोग होत नाही. पिंपळगाव, कळवण आणि देवळाली यांत ‘ळ’ आहे, लासलगावात ‘ल’ आहे. याला नियम नाही, माहितीच हवी. फोनवर हिंदी कळफलक चालू राहिला असेल तर ‘देवलाली’ आणि ‘सातपुर’ अशी रूपे पुढे येतात, आणि आपण सूचनेवर बोट ठेवले की ती रूपे आपल्या शब्दांच्या यादीतही जाऊन बसू शकतात.

म्हणून पहिला उपाय सेटिंगमधला आहे. कळफलकाच्या सेटिंगमध्ये Auto-correction नावाचा पर्याय असतो. तो बंद करावा आणि सूचनांची पट्टी चालू ठेवावी. कोशात नसलेले शब्द बदलण्याचे प्रमाण त्याने कमी होते. रोमनवरून देवनागरी करताना मात्र पहिली सूचना तरीही आपोआप बसू शकते, कारण तिथे अंदाज हीच टंकनाची पद्धत आहे. तिथे स्पेसबार देण्याआधी पट्टीकडे पाहण्याला पर्याय नाही. चुकीने शिकलेला शब्द पट्टीत दिसला तर जीबोर्डवर तो दाबून धरून कचरापेटीच्या चिन्हावर ओढता येतो. गावांची आणि माणसांची नावे वैयक्तिक शब्दकोशात एकदा नीट भरून ठेवावीत. ज्यांना अंदाजच नको असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेला, २०१३ चा स्वरचक्र कळफलक किंवा जुना इनस्क्रिप्ट आहे. तिथे ‘ळ’ आपणच निवडतो.

पाठवण्याआधीच्या वाचनाचीही एक पद्धत आहे. लिहिणाऱ्याच्या मनात हवा असलेला शब्द आधीच असतो, म्हणून डोळा पडद्यावरच्या शब्दावरून घसरतो. अर्थ लावत वाचण्याऐवजी शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे यावे आणि प्रत्येक ‘ल’ व ‘न’पाशी थांबून इथे ‘ळ’ किंवा ‘ण’ हवा होता का, एवढेच विचारावे. ‘र्य’ दिसला की तो ‘ऱ्य’ असायला हवा होता का, तेही पाहावे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तिथेच सर्वांत जास्त बिघडतो. फोनमध्ये मराठी मजकूर वाचून दाखवणारा आवाज असेल तर निरोप ऐकावा, कारण ओल आणि ओळ यांतला फरक कानाला स्पष्ट कळतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ मात्र कानाने वेगळे करता येत नाहीत, ते डोळ्यानेच पाहावे लागतात.

मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो उपाय लेखनातलाच आहे: ज्याला जुळा शब्द नाही असा शब्द निवडावा. ‘ओल’ऐवजी ‘जमिनीतला ओलावा’ लिहिले, तर अंदाजाला घोटाळा करायला जागाच उरत नाही. ओळींविषयी सांगायचे असेल तर ‘तिसरी रांग’ म्हणावे. ‘मळ्यात’ऐवजी ‘बागेत’ चालत असेल तर बागेत लिहावे.

पाठवल्यावर चूक दिसलीच, तर व्हॉट्सॲपवर मे २०२३ पासून १५ मिनिटांच्या आत निरोप दुरुस्त करता येतो आणि त्याखाली तो बदलल्याची खूणही दिसते. मात्र समोरच्याने आधीचे वाक्य वाचून कामाला सुरुवात केली असेल, तर तो पुन्हा फोन उघडून ती खूण पाहीलच असे नाही. पाण्याची वेळ, औषधाचे प्रमाण किंवा मजुरांची संख्या बदलणारी चूक असेल, तर निरोप दुरुस्त करून न थांबता त्याला फोन लावावा.