क्लोरहेक्झिडीन मुखधावन

हिरड्या व तोंडातील जखमांवरील उपचारात मर्यादित काळासाठी वापरले जाणारे जंतुनाशक माउथवॉश. यात क्लोरहेक्झिडीन ग्लुकोनेट हा क्षार असतो. भारतात प्रामुख्याने ०.२ टक्के, तर अमेरिकेत ०.१२ टक्के तीव्रतेचे द्रावण प्रचलित आहे. पहिल्याची मात्रा १० मिलि. आणि दुसऱ्याची १५ मिलि. असल्याने एका वेळी तोंडात जाणारे औषध जवळपास सारखेच, म्हणजे अनुक्रमे २० व १८ मिग्रॅ., भरते.

हे संयुग इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. हिवतापावरील औषधांच्या संशोधनातून ते निघाले असे सामान्यतः सांगितले जाते. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते त्वचेवरील जंतुनाशक म्हणून प्रचारात आले. दंतवैद्यकातील त्याचे स्थान मात्र १९७० मध्ये हाराल्ड लोए आणि शिऑट यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या प्रयोगांमुळे निश्चित झाले. ०.२ टक्के द्रावणाच्या १० मिलि. गुळण्या दिवसातून दोनदा, प्रत्येकी एक मिनिट केल्यास ब्रश पूर्ण बंद ठेवूनही दातांवर प्लाक म्हणजे जिवाणूंचा चिकट थर साचत नाही व हिरड्या सुजत नाहीत, असे त्यांना दिसले. आजही लिहून दिली जाणारी मात्रा थोड्याफार फरकाने हीच आहे.

या परिणामाचे कारण औषधाच्या तोंडात टिकून राहण्यात आहे. क्लोरहेक्झिडीनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना धन विद्युत्भार असतो. त्यामुळे तो दातांवरील लाळेच्या पातळ पटलाला आणि तोंडाच्या आतील अस्तराला चिकटतो. चूळ थुंकल्यावरही सुमारे तीस टक्के औषध मागे राहते आणि सावकाश सुटत जाते. म्हणूनच दोन गुळण्यांमध्ये सुमारे बारा तासांचे अंतर पुरते. जे दातांना चिकटून काम करते तेच डागही पाडते, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवावे लागते.

डागांचे कारण. डाग पिवळट तपकिरी ते गडद तपकिरी असतात. ते हिरडीलगत, दोन दातांच्या फटीत, खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडील बाजूस आणि जिभेवर आधी दिसतात. काही जणांत ते आठवड्या-दोन आठवड्यांतच उमटतात, तर काहींत तेवढ्या काळात फारसे दिसत नाहीत. त्यांच्या उत्पत्तीविषयी तीन मते मांडली गेली आहेत.

पहिल्या मतानुसार दातांवरील पटलातील प्रथिने व शर्करा यांच्यात तपकिरी रंग देणारी मायार अभिक्रिया घडते आणि क्लोरहेक्झिडीन तिला वेग देते. दुसऱ्या मतानुसार औषधामुळे पटलातील प्रथिनांची घडण मोडते, गंधकाचे गट मोकळे होतात आणि लोह वा कथिल यांच्याशी संयोग पावून रंगीत सल्फाइडे बनतात. तिसरे मत इंग्लंडमधील ॲडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विशेषत्वाने मांडले. रेणूचे एक टोक दाताला धरून असते आणि दुसरे मोकळे टोक चहा, कॉफी वा लाल वाइनमधील टॅनिनसारखी रंगद्रव्ये पकडून ठेवते, असे ते सांगतात.

पहिल्या दोन मतांपुढे एक अडचण आहे. रचनेने वेगळी असलेली इतर धनभारित जंतुनाशके आणि काही धातूंचे क्षारही तशाच परिस्थितीत डाग पाडतात, आणि या साऱ्यांमधील समान दुवा आहारातील रंगद्रव्यांशी होणारा संयोग हा आहे. ॲक्रिलिकचे तुकडे आळीपाळीने लाळेत, क्लोरहेक्झिडीनमध्ये आणि चहात बुडवले तर ते प्रत्येक फेरीगणिक गडद होत जातात, तेही तोंडातील जिवाणूंच्या सहभागावाचून. या पुराव्यामुळे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. इतर दोन प्रक्रिया काही अंशी घडत असण्याची शक्यता त्यामुळे नाहीशी होत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की डाग औषधाइतकाच पेयावर अवलंबून असतो. गुळणीनंतर लगेच कोरा किंवा कडक चहा घेणाऱ्याचे दात लवकर काळवंडतात. रात्रीची गुळणी झोपण्यापूर्वी आणि सकाळची चहा-नाश्त्यानंतर केल्यास डाग कमी पडतात. डागविरोधी घटक घातलेली द्रावणेही मिळतात, परंतु त्यांच्याविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

कालावधी. दाढ काढल्यानंतर किंवा हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर, ब्रश लावणे दुखते तेवढ्याच काळासाठी, बहुधा सात ते चौदा दिवस, हे औषध दिले जाते. हिरड्यांच्या सुजेवर सामान्यतः दोन आठवडे आणि फार तर एक महिना अशी मर्यादा पाळतात. अनेक वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेत चार आठवडे वा अधिक वापरानंतर दातांवरील डागांत मोठी वाढ नोंदली आहे.

नेहमी आढळणारा प्रकार असा. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवसापासून १० मिलि. दोनदा, आठ दिवस असे लिहून दिलेले असते. पहिले २४ तास रक्ताची गुठळी सुटू नये म्हणून जोरात चूळ भरायची नसते. आठ दिवसांत जखम भरत येते, पण बाटली अर्धी उरते. तोंड स्वच्छ वाटते म्हणून रुग्ण ती संपवतो आणि चिठ्ठीविना दुसरी आणतो. दोन महिन्यांनी खालच्या दातांमागे तपकिरी थर दिसतो, मिठाची चव नीट लागत नाही आणि कीटणही वाढलेले असते. दात किडले असे समजून तो घाबरतो. हा थर पृष्ठभागावरचा असतो. घरच्या ब्रशने तो फारसा जात नाही, पण दंतवैद्याकडे स्केलिंग व पॉलिशिंग केल्यावर निघतो. दातांच्या रंगाच्या सिमेंटच्या कडांत शिरलेला डाग मात्र कायमचा राहू शकतो. चव औषध थांबवल्यावर पूर्ववत होते.

रोजच्या सवयीस हरकत. हे द्रावण नवा प्लाक धरू देत नाही, पण आधीच जमलेला जाड थर ते भेदू शकत नाही. तो ब्रशनेच काढावा लागतो. रोज गुळण्या करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त येणे थांबते आणि हिरडीखाली चाललेला आजार झाकला जातो. हा धोका डागांहून गंभीर आहे, तरी त्याची चर्चा कमी होते.

दुसरी हरकत जिभेवरील उपयुक्त जिवाणूंविषयी आहे. पालेभाज्या व बीट यांतील नायट्रेटचे नायट्राइट हे जिवाणू करतात, आणि त्यापासून शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड बनते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात आठवडाभर गुळण्या केलेल्या निरोगी व्यक्तींचा रक्तदाब दोन-तीन मिमी. पाऱ्याइतका वाढलेला आढळला. दीर्घकालीन परिणामाचे अनुमान एवढ्यावरून काढता येत नाही.

टूथपेस्टशी विरोध. बहुतेक टूथपेस्टमध्ये फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट असते. त्याचा भार ऋण असल्याने ते क्लोरहेक्झिडीनला बांधून निष्प्रभ करते. म्हणून ब्रश व गुळणी यांत किमान अर्धा तास ठेवतात. काही लेखक दोन तासांचे अंतर सुचवतात.

ॲलर्जी. तोंडाचे अस्तर सोलवटणे किंवा लाळग्रंथी सुजणे हे क्वचित घडते व औषध थांबवल्यावर कमी होते. तीव्र ॲलर्जी त्याहून विरळ असली तरी जीवघेणी ठरू शकते. गुळणीनंतर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा दम लागणे असे झाल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते आणि पुढे हे औषध कोणत्याही रूपात द्यायचे नसते.