न वाचलेल्या ग्रंथाचा संदर्भ प्रबंधात कसा द्यावा: दुय्यम उद्धरण कधी चालते, कशा नोंदी लागतात आणि त्यावर आक्षेप का येतो

पीएच.डी. किंवा एम.एड.चा प्रबंध सादर करायची वेळ आली की संदर्भसूचीकडे शेवटच्या आठवड्यात लक्ष जाते आणि तिथेच सर्वात जास्त गडबड होते. एखाद्या लेखकाचे मत आपण दुसऱ्याच पुस्तकात वाचलेले असते, पण प्रबंधात थेट मूळ लेखकाचे नाव आणि वर्ष टाकून दिलेले असते. वाचलेले पुस्तक मात्र सूचीत कुठेच नसते. परीक्षक नेमके यावर बोट ठेवतात. अशा संदर्भाला दुय्यम उद्धरण म्हणतात. तो देणे गैर नाही. तो दुय्यम आहे हे लपवणे गैर आहे.

नियम काय सांगतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंधाबाबतचे विनियम २०१८ साली काढले. त्यानुसार प्रबंधासोबत दोन कागद लागतात. एक विद्यार्थ्याचे हमीपत्र: हे काम माझे स्वतःचे आहे, त्यात वाङ्मयचौर्य नाही आणि संस्थेने मान्य केलेल्या सॉफ्टवेअरवर ते तपासले आहे. दुसरे मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जाते.

या विनियमांत ‘दुय्यम उद्धरण’ अशी वेगळी शिक्षा नाही. तरी हमीपत्रावर सही करताना तुम्ही सूचीतल्या प्रत्येक नोंदीची जबाबदारी घेत असता. शिवाय पदवी मिळाल्यावर महिन्याभरात प्रबंधाची सॉफ्ट कॉपी संस्थेने इन्फ्लिबनेटकडे पाठवायची असते. तिथून तो शोधगंगेवर कोणालाही उघडता येतो. म्हणजे तपासणी तोंडी परीक्षेपाशी संपत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू: डेल यांचा अनुभवशंकू

शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एडगर डेल यांचा अनुभवशंकू तोंडपाठ असतो. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात बहुधा असे वाक्य भेटते: ‘डेल (१९४६) यांच्या मते विद्यार्थी वाचलेल्यापैकी १० टक्के, ऐकलेल्यापैकी २० टक्के, पाहिलेल्यापैकी ३० टक्के आणि स्वतः करून पाहिलेल्यापैकी ९० टक्के लक्षात ठेवतात.’ खाली सूचीत डेल यांचे १९४६चे पुस्तक, प्रकाशकासह.

आता मूळ पुस्तक उघडा. शंकू आहे, पायाशी प्रत्यक्ष अनुभव आहे, टोकाशी शाब्दिक प्रतीके आहेत. टक्केवारी कुठेच नाही. डेल यांनी लक्षात राहण्याचे मोजमाप केलेच नव्हते. अनुभव मूर्ताकडून अमूर्ताकडे कसे जातात ते दाखवणारी ती आकृती होती, आणि तिचे थर ताठर मानू नयेत असे त्यांनी स्वतःच बजावले होते. टक्क्यांचे आकडे वेगळ्या वाटेने आले. १९६७ साली दृक्-श्राव्य साधनांवरच्या एका अमेरिकी मासिकात ते कोणत्याही संशोधनाचा आधार न देता छापले गेले. पुढे कोणीतरी ते शंकूला चिकटवले, आणि पुस्तकामागून पुस्तक तेच उचलत गेले.

असा प्रबंध हाती आला की परीक्षकाला फार शोधावे लागत नाही. ‘१९४६’ आणि टक्केवारी एकाच वाक्यात दिसली की विद्यार्थ्याने डेल वाचलेला नाही हे कळतेच. तोंडी परीक्षेत ‘ही टक्केवारी कोणत्या पानावर आहे?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. उत्तर नसले की शंका बाकीच्या सूचीवरही जाते, आणि माझ्या मते ती रास्तच असते.

हेच वाक्य दुय्यम उद्धरण म्हणून लिहिले असते तर? टक्केवारी चुकीचीच राहिली असती. पण चूक कोणत्या पुस्तकातून आली ते वाचकाला दिसले असते आणि न केलेल्या वाचनाचा दावा तुमच्या नावावर लागला नसता. दुय्यम उद्धरण एवढेच सांगते की ‘मी हे इथे वाचले’. मधल्या लेखकाने बरोबर लिहिले आहे की नाही याची खात्री ते देत नाही. म्हणून प्रबंधाचा मुख्य मुद्दा ज्या विधानावर उभा आहे, त्यासाठी दुय्यम उद्धरणावर विसंबू नये.

सॉफ्टवेअर नेमके काय पकडते

तुम्ही मूळ ग्रंथ वाचला की नाही, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते फक्त शब्दांच्या ओळी जुळवते. पण दुसऱ्याच्या पुस्तकातून संदर्भ उचलताना त्याचे वाक्यही बरेचदा तसेच येते: ‘डेल, ब्रुनर आणि इतरांनी दाखवून दिल्याप्रमाणे...’ त्या पुस्तकातून आधी दहा जणांनी तेच उचललेले असते. त्यामुळे अहवालात एकाच परिच्छेदावर चार-पाच जुने प्रबंध रंगून येतात. संदर्भ डेल यांचा आणि साम्य मात्र तिसऱ्याच प्रबंधाशी, असे दिसले की मार्गदर्शकाने तो परिच्छेद थांबवावा. त्यात मधल्या लेखकाची निवड, मांडणी आणि शब्द आहेत, आणि श्रेय कुठेच नाही. वाङ्मयचौर्याचा आक्षेप खरा लागू पडतो तो इथे.

माणसाच्या नजरेला आणखी खुणा दिसतात. मधल्या पुस्तकातली छपाईची चूक, चुकलेले वर्ष किंवा नावाचे चुकीचे स्पेलिंग जसेच्या तसे उतरलेले असते. विद्यार्थ्याला जर्मन येत नाही, पण सूचीत जर्मन ग्रंथ पृष्ठांकासह असतो. किंवा पहिल्या आवृत्तीचे वर्ष आणि तिसऱ्या आवृत्तीचा पृष्ठांक एकत्र येतात.

पात्रता: कधी चालते

मूळ ग्रंथ नष्ट झाला असेल, तो फक्त एखाद्या दूरच्या अभिलेखागारात असेल, किंवा तुम्हाला न येणाऱ्या भाषेत असून भाषांतर नसेल, तर दुय्यम उद्धरण पूर्णपणे योग्य आहे.

मेगॅस्थेनिसची ‘इंडिका’ हे याचे चोख उदाहरण. मूळ ग्रंथ उरलेला नाही. स्ट्रॅबो, डायोडोरस आणि एरियन यांनी आपल्या लेखनात त्यातले जे घेतले तेवढेच हाती आहे. ते अंश श्वानबेक यांनी १८४६ साली एकत्र केले आणि मॅक्रिंडल यांनी १८७७ साली त्यांचा इंग्रजी अनुवाद छापला. म्हणजे भारतीय समाजाच्या सात वर्गांबद्दल लिहिताना तुमच्या हातात मॅक्रिंडल असतो, त्याच्या आत स्ट्रॅबो आणि त्याच्याही आत मेगॅस्थेनिस. इथे ‘मेगॅस्थेनिस म्हणतो’ एवढेच लिहिले तर साखळीच दडते. ‘मेगॅस्थेनिस, स्ट्रॅबोने दिल्याप्रमाणे (१५.१), मॅक्रिंडल यांचा अनुवाद, १८७७’ असे लिहिले की वाचकाला पुढची वाट मोकळी होते. सात वर्गांचे वर्णन तिघाही लेखकांकडे आहे, म्हणून तुम्ही कोणाचे वाचले हे सांगणे भागच आहे.

‘ग्रंथालयात नव्हते’ हे कारण मात्र पुरेसे नाही. आधी इंटरनेट आर्काइव्ह, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि शोधगंगा पाहावी. तुमचे महाविद्यालय डेलनेटचे सदस्य असेल तर ग्रंथपालांकडे आंतरग्रंथालयीन मागणीचा अर्ज द्यावा. डेल यांच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांच्या स्कॅन प्रती इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी दुय्यम उद्धरण करायचे कारणच उरत नाही.

कोणत्या नोंदी जवळ ठेवाव्यात

प्रत्येक दुय्यम उद्धरणासाठी मधल्या पुस्तकाचे ते पान, त्याचे मुखपृष्ठ आणि प्रकाशनाचे पान यांचे फोटो ठेवावेत. त्या पानाची तळटीपही फोटोत यायला हवी. मधल्या लेखकाने स्वतः मूळ ग्रंथ वाचला होता की तोही कोणाकडून घेत होता, हे तिथेच कळते. आंतरग्रंथालयीन मागणी नाकारली गेली असेल तर तो ईमेलही जपावा. तोंडी परीक्षेत हा पुरावा उपयोगी पडतो.

लिहायची पद्धत

एपीए शैलीत मजकुरात मूळ लेखक आणि वर्ष, मग ‘उद्धृत’, मग तुम्ही वाचलेला लेखक, वर्ष आणि पान: (डेल, १९४६, उद्धृत: मधल्या लेखकाचे आडनाव, वर्ष, पृ.). पान मधल्या पुस्तकाचे, मूळ ग्रंथाचे नाही. गोंधळ सर्वात जास्त इथे होतो. संदर्भसूचीत फक्त तुम्ही वाचलेले पुस्तक येते, डेल येत नाहीत. एमएलए शैलीतही सूचीत वाचलेलेच पुस्तक येते. शिकागो शैलीत दोन्हींचा तपशील द्यावा लागतो. विद्यापीठाने कोणती शैली सांगितली आहे ते आधी पाहून घ्या, कारण ‘मूळ ग्रंथ सूचीत का नाही’ असा चुकीचा आक्षेपही कधीकधी कार्यालयाकडून येतो. त्या वेळी शैलीपुस्तिकेतला नियम दाखवावा.

झोटेरो वापरत असाल तर मजकुरात डेल यांचा वेगळा संदर्भ घालू नका, नाहीतर तो आपोआप सूचीत शिरतो. वर्डमध्ये मधले पुस्तक निवडा आणि त्याच्या `Prefix` या रकान्यात हे टाका:

```
डेल, १९४६, उद्धृत:
```

पृष्ठांक `Page` च्या रकान्यात. कंसातला संदर्भ नीट बसतो आणि सूचीत एकच पुस्तक दिसते.

आक्षेप आल्यावर

अहवालात किंवा परीक्षकाच्या शेऱ्यात अशी नोंद आली तर घाईने सगळीकडे ‘उद्धृत’ लावत सुटू नये. एकेक संदर्भ घेऊन आधी मूळ ग्रंथ मिळतो का ते पाहावे. मिळाला तर वाचून संदर्भ नव्याने द्यावा. वाचल्यावर विधानच टिकत नाही असे दिसले, जसे डेल यांच्या टक्केवारीचे, तर ते वाक्य काढून टाकावे. मूळ खरोखर मिळत नसेल तरच दुय्यम उद्धरण करावे, आणि मधल्या लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत घालावेत किंवा परिच्छेद स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावा. मग सॉफ्टवेअरवर पुन्हा तपासून, कोणत्या पानावर काय बदलले याचा तक्ता मार्गदर्शकाच्या सहीने सुधारित प्रतीला जोडावा.