आरशातली सेल्फी आणि नकळत सरळ झालेलं नाक

फोटोवरून पोर्ट्रेट काढणाऱ्यांना एक तक्रार वरचेवर ऐकावी लागते. डोळे जमलेत, जिवणी जमली आहे, तरी चित्रातला माणूस ‘तो’ वाटत नाही. मग नाकाची रेघ खोडणं आणि पुन्हा काढणं सुरू होतं. अशा वेळी दोष हाताचा नसून समोर मांडलेल्या रेफरन्स फोटोंचा असू शकतो. काही फोटो दुसऱ्या कुणी समोरून काढलेले असतात आणि काही आरशातल्या सेल्फी असतात. पहिल्या प्रकारात चेहरा जसा आहे तसा असतो, दुसऱ्यात त्याची डावी-उजवी बाजू पलटलेली असते. दोन्ही शेजारी ठेवून काढलेलं चित्र धड एका चेहऱ्याचं राहत नाही.

आधी कपड्यावरच्या अक्षरांकडे बघू, कारण तिथे हा प्रकार उघड दिसतो. आरसा डावं-उजवं उलटतो असं आपण सहज म्हणतो, पण खरं तर तो तसं काहीच करत नाही. तुमचा उजवा हात आरशातही तुमच्या उजवीकडेच दिसतो आणि डोकं वरच राहतं. बदलते फक्त आरशाच्या आत-बाहेरची दिशा: तुमचं नाक आरशाकडे, तर प्रतिमेचं नाक तुमच्याकडे.

पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर मार्करने ‘गवत’ असा शब्द लिहा आणि तुम्हाला वाचता येईल असा तो आरशासमोर धरा. आरशातही तो सरळच वाचता येईल. आता टी-शर्टवरचा मजकूर जसा बाहेर तोंड करून असतो, तसा तो कागद आरशाकडे वळवा. प्लास्टिकमधून आरपार बघितलं तर अक्षरं तुमच्या बाजूनेच उलटी दिसतील, आणि आरसा नेमकं तेच दाखवेल. म्हणजे मजकूर उलटवला तो कागद वळवण्याने. तोच कागद उभ्या अक्षाऐवजी वरची कड खाली आणून पालथा केला, तर आरशात शब्द खाली डोकं वर पाय दिसतो, पण अक्षरांचा क्रम डावीकडून उजवीकडेच राहतो. टी-शर्ट अंगावर आरशाकडे तोंड करून असतो, म्हणून तो कायम उभ्या अक्षाभोवती वळवलेल्या कागदासारखा असतो.

चेहऱ्यालाही हेच लागू आहे, फक्त चेहऱ्यावर अक्षरं नसल्यामुळे ते लगेच ध्यानात येत नाही. समोर उभ्या माणसाला तुमचा उजवा गाल त्याच्या डाव्या हाताला दिसतो. आरशातल्या सेल्फीत तोच गाल फोटोच्या उजव्या बाजूला असतो. कुठलाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई किंचित वर असते, जिवणीचं एक टोक खाली असतं, नाकाचा शेंडा थोडा कलता असतो. पलटल्याने ही असमानता वाढतही नाही, घटतही नाही. ती फक्त दुसऱ्या बाजूला जाते.

तरीही ती वाढल्यासारखी का वाटते? समजा एखाद्याच्या नाकाचा शेंडा मध्यरेषेपासून त्याच्या स्वतःच्या उजवीकडे २ मिमी सरकलेला आहे. आयुष्यभर आरशात त्याने तो उजव्या हाताला २ मिमी पाहिला. आता दुसऱ्याने काढलेल्या फोटोत तोच शेंडा डाव्या हाताला २ मिमी दिसतो. सवयीच्या जागेपासूनचं अंतर झालं ४ मिमी. प्रौढांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६३ मिमी असतं हे लक्षात घेतलं, तर ४ मिमी डोळ्यांना सहज टोचण्याइतकं आहे. मिटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो अधिक पसंत पडला, तर त्यांच्या मित्रांना तोच चेहरा न पलटलेला आवडला. ज्याला जी बाजू सवयीची, त्याला ती बरोबर वाटली.

यात आणखी एक कारण मिसळतं. चेहरा ओळखताना आणि त्यावरचा भाव वाचताना बहुतेक लोक आपल्या डाव्या हाताला दिसणाऱ्या अर्ध्या चेहऱ्याला जरा जास्त वजन देतात. साध्या फोटोत ती बाजू त्या माणसाची उजवी असते, आरशातल्या सेल्फीत डावी. त्यामुळे ज्याच्या हसण्यात एकच बाजू जास्त वर जाते, त्याचं तेच हसू एका फोटोत मोकळं आणि दुसऱ्यात आखडलेलं वाटू शकतं.

आता चित्रकाराच्या टेबलाकडे परत जाऊ. एका फोटोत नाक २ मिमी डावीकडे, दुसऱ्यात २ मिमी उजवीकडे. दोन्हींवर आलटून पालटून नजर टाकणारा हात नकळत मधली जागा निवडतो, आणि मधली जागा म्हणजे शून्य. भुवया एका उंचीवर येतात, जिवणी समांतर होते. चेहरा नीटनेटका होतो आणि ओळख पुसली जाते. पलटलेला एकच फोटो वापरला असता तर निदान उलट्या बाजूचा का होईना, पण तोच चेहरा आला असता. सरमिसळ त्याहून वाईट, कारण तिच्यामुळे चेहऱ्याचं वैशिष्ट्यच नाहीसं होतं.

म्हणून पेन्सिल उचलण्यापूर्वी प्रत्येक फोटो सरळ की पलटलेला हे ठरवावं लागतं. समजा एका बाईचं चित्र काढायचं आहे आणि हाताशी चार फोटो आहेत. पहिला आरशातला, त्यात टी-शर्टवरची अक्षरं उलटी आहेत आणि ओठाशेजारचा तीळ फोटोच्या डाव्या बाजूला आहे. अक्षरं उलटी म्हणजे फोटो पलटलेला, म्हणजे तीळ तिच्या डाव्या गालावर. दुसरा फोटो मैत्रिणीने समोरून काढलेला, तीळ फोटोच्या उजव्या बाजूला. म्हणजे पुन्हा तिचाच डावा गाल, हिशोब जुळला. तिसरी समोरच्या कॅमेऱ्याची सेल्फी, कपडे साधे, अक्षर एकही नाही, पण तीळ फोटोच्या डाव्या बाजूला. म्हणजे हीसुद्धा पलटलेली. बऱ्याच फोनमध्ये समोरचा कॅमेरा स्क्रीनवर आरशासारखं दाखवतो. जतन करताना तो फोटो सरळ करायचा की नाही हे सेटिंगवर ठरतं. चौथा फोटो आरशातला आहे, हातात फोनही दिसतो, पण टी-शर्टवरची अक्षरं सरळ वाचता येतात आणि तीळ उजव्या बाजूला आहे. हा कुणीतरी आधीच सरळ केलेला आहे. ‘आरशातली सेल्फी आहे, पलटा’ असा सरसकट नियम लावला, तर हाच फोटो बिघडेल. फोटो कसा काढला यापेक्षा त्याच्यात आत्ता काय दिसतं, ते बघायचं.

तीळ, व्रण, दातांमधली फट या कायमच्या खुणा सर्वात भरवशाच्या. केसांचा भांग बदलतो, म्हणून एकट्या भांगावर विसंबू नये. शर्टाच्या बटणपट्टीची बाजू पुरुषांच्या आणि बायकांच्या कपड्यांत रूढीने वेगवेगळी असते, त्यामुळे तीही फसवते. नेहमीच्या काटेवाल्या घड्याळात चावी ३ च्या बाजूला असते. ती ९ च्या बाजूला दिसली तर शंका घ्यावी. अक्षरांतही सावध राहावं लागतं: WOW किंवा 808 पलटूनही जवळपास तसंच दिसतं. देवनागरी इथे मदतीला येते, कारण ग, प, म, व अशा बहुतेक अक्षरांची उभी रेघ उजवीकडे असते आणि पलटल्यावर ती लगेच डावीकडे गेलेली दिसते.

डावी-उजवी बाजू सारखी नसलेली वस्तू असा निकाल किती पक्का देते, याचं जुनं उदाहरण म्हणजे अमेरिकी बंदूकबाज बिली द किडचा १८८० च्या सुमाराचा फोटो. तो पत्र्यावर घेतलेला फोटो होता, आणि त्या पद्धतीत मूळ प्रतिमा पलटलेलीच उमटते. पिस्तूल डाव्या कमरेला दिसल्यामुळे तो डावखुरा होता अशी समजूत पसरली. पण त्याच्या हातातल्या १८७३ च्या विंचेस्टर रायफलीची गोळ्या भरायची खाच उजव्या अंगाला असते, आणि फोटोत ती डावीकडे दिसते. रायफलीने फोटो पलटलेला असल्याचं सांगितलं, आणि पिस्तूल उजव्या कमरेला गेलं.

दुरुस्ती सोपी आहे, पण ती पूर्ण फोटोची करायची. फक्त टी-शर्टवरची अक्षरं कापून सरळ केली तर चेहरा पलटलेलाच राहतो आणि पुढच्या तपासणीची खूणही नाहीशी होते. कोणत्याही फोटो ॲपमध्ये आडवं फ्लिप करून नव्या नावाने जतन करावं, मूळ फाइल तशीच ठेवावी. एक अडचण मात्र लपून राहते. फोटोच्या फाइलमध्ये Orientation नावाची नोंद असते आणि तिची 2, 4, 5 किंवा 7 ही मूल्यं प्रतिमा पलटून दाखवायला सांगतात. काही प्रोग्राम ही नोंद पाळतात, काही दुर्लक्ष करतात, त्यामुळे तोच फोटो फोनवर सरळ आणि चित्रकलेच्या ॲपमध्ये उलटा दिसू शकतो. कमांड वापरणाऱ्यांनी आधी नोंद बघावी, मग ती प्रत्यक्ष प्रतिमेत उतरवून पलटावं:

```
exiftool -n -Orientation photo.jpg
magick photo.jpg -auto-orient -flop photo-saral.jpg
```

इथे -flop आडवं पलटतं. त्याऐवजी -flip वापरलं तर फोटो खाली डोकं वर पाय होतो. टिपणं लिहितानाही ‘डावी भुवई वर’ असं न लिहिता ‘तिची डावी भुवई वर’ असं लिहावं, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही.

एवढं केलं तरी आरशातल्या सेल्फीतला एक दोष पलटून जात नाही. आरशापासून १ मीटरवर उभं राहून फोन उजव्या हातात, चेहऱ्यापासून २५ सेंटिमीटर बाजूला धरला आणि नजर आरशात सरळ समोर ठेवली, असं समजा. कॅमेऱ्यापासून चेहऱ्याच्या प्रतिमेचं अंतर २ मीटर होतं, म्हणजे कॅमेरा चेहरा साधारण ७ अंश उजव्या बाजूने बघतो. नाकाचा शेंडा डोळ्यांच्या कोपऱ्यांपेक्षा २५ मिमी पुढे धरला, तर या कोनामुळे तो त्या चेहऱ्याच्या स्वतःच्या डावीकडे सुमारे ३ मिमी सरकलेला दिसतो. नाक मुळात २ मिमी उजवीकडे असेल, तर फोटोत ते १ मिमी डावीकडे दिसेल, आणि फोटो कितीही काळजीपूर्वक सरळ केला तरी तसंच दिसत राहील. फोनकडचा कान दुसऱ्यापेक्षा जास्त दिसत असेल तर हेच झालंय असं समजावं, आणि त्या फोटोवरून नाकाची जागा घेऊ नये. तीळ, डोळ्यांचा रंग, केसांची ठेवण तेवढी घ्यावी. नवा फोटो मागवता येत असेल, तर फोन बाजूला न धरता हनुवटीखाली बरोबर मधोमध धरायला सांगावं, किंवा सरळ दुसऱ्या कुणाकडून २ मीटरवरून काढून घ्यायला सांगावं.