ए-2ची पुसट रेघ : थॅलेसेमियाच्या वाहक तपासणीचे चित्र कसे वाचावे

हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसची पट्टी पहिल्यांदा पाहणाऱ्याला तीत वाचण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. पांढऱ्या सेल्युलोज ॲसिटेटवर काही नमुने शेजारी शेजारी चालवलेले असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला लाल रंगाचा एक जाड पट्टा व त्याच्या बरीच मागे राहिलेली एक पुसट रेघ आलेली असते. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाची ओळख त्या पुसट रेघेवरून पटते.

ती रेघ मागे का राहते, हे समजले की चित्र वाचता येते. लाल पेशी फोडून मोकळे केलेले हिमोग्लोबिन पट्टीच्या ऋण टोकाजवळ लावतात आणि 8.6च्या आसपास पीएच असलेल्या द्रावणात वीज सोडतात. या पीएचला सर्वच हिमोग्लोबिनांवर ऋण भार असतो, त्यामुळे ती धन टोकाकडे धावतात. ज्याचा भार जास्त ते पुढे जाते. आपल्या रक्तातले मुख्य हिमोग्लोबिन ‘ए’ हे दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचे असते आणि ते सर्वांत पुढे जाऊन जाड पट्टा उमटवते. ‘ए-2’मध्ये बीटाच्या जागी डेल्टा साखळ्या असतात. 146 अमिनो आम्लांपैकी केवळ दहाच वेगळी असली, तरी तेवढ्याने ऋण भार घटतो आणि ए-2 मागे रेंगाळते. ज्या व्यक्तीच्या दोन बीटा जनुकांपैकी एक जनुक निकामी किंवा दुबळे असते, तिच्या पेशीत बीटा साखळ्या कमी पडतात, अल्फा साखळ्यांना डेल्टाची सोबत अधिक मिळते आणि ए-2चा वाटा वाढतो. निरोगी प्रौढात तो साधारण 2 ते 3.3 टक्के असतो, तर बीटा वाहकात बहुधा 4 ते 7 टक्के.

रेघ जाड दिसते म्हणून डोळ्यांनी निकाल देणे मात्र चुकीचे आहे. रंगाच्या गडदपणावरून एवढा लहान आकडा भरवशाने काढता येत नाही, म्हणून ए-2 वेगळे मोजावेच लागते. आज ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ असे चिठ्ठीवर लिहिलेले असूनही प्रत्यक्षात हातात पडतो तो अनेकदा एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनाचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख. त्यात रेघांऐवजी शिखरे असतात : ए चे उंच शिखर आणि त्यानंतर ए-2चा लहानसा उंचवटा. या आलेखात ‘ए-शून्य’ 85 टक्क्यांच्या आसपास दिसले की घरची मंडळी घाबरतात; परंतु साखर चिकटलेले किंवा जुने झालेले ए हे यंत्र बाजूच्या छोट्या शिखरांत वेगळे मोजते, त्यामुळे तो आकडा कमी दिसतो. त्यात आजार काही नसतो.

आता एक उदाहरण घेऊ. देवगडजवळच्या एका वाडीतली नऊ आठवड्यांची गरोदर स्त्री तपासणीला आली आहे असे समजा. तिचे हिमोग्लोबिन 10.4 ग्रॅम, लाल पेशी 56 लाख, पेशीचे सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही 64. अशा वेळी सोबत आलेली सासू विचारते, “रगात कमी आसा म्हणान सांगल्यानी, मगे ह्यां थॅलेसेमिया खंयसून इलां?” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पेशींच्या संख्येत आहे. लोह कमी असेल तर पेशी लहान होतातच, शिवाय त्या सहसा कमीही बनतात. इथे पेशी लहान आहेत, पण त्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येने भागले, म्हणजे 64 भागिले 5.6, की 11.4 येतात. हा भागाकार 13च्या खाली आला, तर थॅलेसेमियाचा संशय बळावतो. तो केवळ संशय, निदान नव्हे. तिच्या चित्रात ए-2 5.2 टक्के आणि गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन ‘एफ’ 1.1 टक्का निघते. आधीच्या तीन-चार महिन्यांत तिला रक्त चढवलेले नाही, ही खात्री करून घेतलेली आहे. कारण चढवलेले रक्त दुसऱ्याचे हिमोग्लोबिन आपल्या चित्रात मिसळते. ती बीटा वाहक आहे. वाहक असणे हा आजार नाही, परंतु आता तिच्या नवऱ्याचे चित्र पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नवरा मुंबईत नोकरीला. तो येतो, रक्त देतो आणि खरी अडचण सुरू होते. हिमोग्लोबिन 12.1, पेशी 50 लाख, एमसीव्ही 73, म्हणजे भागाकार 14.6, फेरिटिन 7, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. आणि ए-2 3.6 टक्के. पट्टीवर त्याची रेघ शेजारच्या निरोगी नमुन्यापेक्षा किंचित ठळक, पण बायकोच्या रेघेएवढी नाही. ‘लोह कमी आहे, ए-2 चारच्या आत आहे, काळजी नको,’ असा शेरा इथे मारला जाण्याची भीती असते आणि माझ्या मते या सबंध तपासणीतली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. लोहाच्या तीव्र कमतरतेत ए-2 कमी बनते. म्हणजे हा 3.6 आकडा खाली दाबला गेलेला असू शकतो. उलट, ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेत वाहक नसलेल्याचाही ए-2 थोडा वर जातो, म्हणून तेही मोजून घ्यावे लागते. समजा, याचे ते ठीक आहे.

एरवी अशा माणसाला तीन महिने लोहाच्या गोळ्या देऊन तपासणी पुन्हा करतात, आणि तेच योग्य. गर्भ मात्र तीन महिने थांबत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवावे लागणारा गंभीर आजार, होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी साधारण 11 ते 13 आठवड्यांत करतात. म्हणून सीमेवरचा आकडा आणि वाहक जोडीदार हे दोन्ही एकत्र आले, की चित्राकडे आणखी निरखून पाहण्यात वेळ न घालवता दोघांचे रक्त बीटा जनुकाच्या तपासणीसाठी पाठवावे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्थेत या विषयावर वर्षानुवर्षे काम चालते. कोकणातून जाणाऱ्यांना ते ठिकाण त्यातल्या त्यात जवळचे.

आपल्या उदाहरणात दोघांच्याही अहवालावर IVS 1-5 (G>C) असे लिहून येते. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या जनुकदोषांत हाच सर्वाधिक आढळतो. नवरा वाहक होता. लोहाच्या कमतरतेने त्याची रेघ पुसट करून ठेवली होती. बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेतला जातो आणि गर्भाला एकच सदोष जनुक मिळाल्याचे कळते, म्हणजे मूल आईबापांसारखेच वाहक असेल. जन्मल्याबरोबर त्याची पट्टी काढली तर ए-2ची रेघ जवळजवळ दिसणारच नाही, कारण नवजात बाळाचे रक्त मुख्यतः एफ हिमोग्लोबिनचे असते आणि ए-2 प्रौढांच्या पातळीला यायला बरेच महिने लागतात. म्हणून त्याच्या फाइलीत जनुकाचा अहवाल जपून ठेवायचा आणि ‘याच्या पेशी कायम लहानच दिसतील, फेरिटिन पाहिल्याशिवाय लोह देऊ नये,’ एवढी एक ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्यायची.